वरच्या मजल्यावर माझी सही काऊन नाही

बापू,

तुझा फोन झाला, मग मालकही घरी येऊन गेले, आणि दोघांचं म्हणणं एकच, की काका तू परवानगीशिवाय चढवलेला दुसरा मजला सुरक्षित आहे असं फक्त स्टॅबिलिटी सर्टिफिकेट मी द्यावं, तेही मागच्या तारखेचं, बाकी नगरपंचायतीचं तुम्ही पाहून घ्याल. मी देणार नाही. पण नुसतं नाही म्हटलं तर तू दुसऱ्या कोणाकडं जाशील, म्हणून कारण सविस्तर लिहितो, आणि तुझं हे पहिलंच मोठं काम आहे तर हिशोब स्वतः करून पाह्य.

त्या घराचं मंजूर ड्रॉइंग माझ्याकडं आहे. तळमजला अन् पहिला मजला, बस. मधला कॉलम घे. त्याच्या वाट्याला साधारण साडेतीन बाय साडेतीन मीटर स्लॅब येतो अन् सात मीटर बीम अन् नऊ इंची भिंत. स्लॅब, फ्लोरिंग, माणसांचा भार, भिंत, बीम सगळं धरलं तर एका मजल्याचे 17 टन होतात, त्यात निम्मं वजन तर त्या भिंतींचंच आहे. मंजूर घराचे त्या कॉलमवर 35 टन येत होते. खाली त्या कॉलमचा पाया, म्हणजे फुटिंग, 1.4 बाय 1.4 मीटर, म्हणजे दोन चौरस मीटरला थोडं कमी, आणि मुरुमाची ताकद धरली होती चौरस मीटरला 20 टन. फुटिंगचं स्वतःचं वजन धरून चौरस मीटरला भार 20 टनाच्या काठावर बसतो. आता तू वर 17 टन चढवले, तर तोच आकडा 28 च्या वर जातो. यात कुठं जागा शिल्लक आहे सांग बरं?

मालक म्हणतात सहा महिने झाले, काही झालं नाही. हिशोबात सुरक्षेचा फॅक्टर धरलेला असतो म्हणून ते अजून उभं आहे, त्याचा अर्थ ते सुरक्षित आहे असा नाही. आपल्याकडं काळी माती उन्हाळ्यात फाटते अन् पावसात फुगते, बाजूचं पाणी मुरुमापर्यंत गेलं की मुरुमही नरम होतो, आणि सगळे फुटिंग सारखे दबत नाहीत, एक जास्त दबतो अन् शेजारचा तसाच राहतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली, दरवाजा चौकटीत अडकायला लागला, की समज ते सुरू झालं. जुन्या भेगा असतील तर त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लाव अन् तारीख टाक, पट्टी फाटली तर भेग चालू आहे.

आणखी एक, तू म्हणाला गच्चीवर सळया सोडल्या होत्या म्हणजे पाया तीन मजल्यांचाच असेल. बापा, सळया तर सगळेच सोडतात, पाया कितीचा ते ड्रॉइंगवरून अन् खोदून कळतं. त्या सळया मी पाहिल्या होत्या, जेमतेम फूटभर बाहेर, वरचा गंज नखानं खरवडला तर पापुद्रे निघत होते. 12 एमएमच्या सळईला जोड दोन फुटाच्या आसपास लागतो. तिथं नवीन कॉलम कसा जोडला ते मला दाखवता येईल का तुला? प्लास्टरखाली गेलं सगळं. अन् मालक त्याच मजल्यावर सोयाबीनची पोती रचणार म्हणतात. घराच्या स्लॅबला चौरस मीटरला 200 किलो धरतात, 60 किलोची पाच पोती एकावर एक ठेवली अन् पोत्याची जागा अर्धा चौरस मीटर धरली तर खाली चौरस मीटरला 600 किलोचा भार येतो, हे त्यांना स्पष्ट सांग.

आता कायद्याचं. परवानगीशिवाय बांधलेला मजला माझ्या कागदानं अधिकृत होत नाही, ते माझ्या हातातच नाही. नगररचनेच्या एमआरटीपी कायदा 1966 च्या कलम 53 खाली नोटीस येते, पाडायची पण. कलम 52 खाली गुन्हाही होतो, तुरुंगाची तरतूद आहे. मागची तारीख टाकली तर ती बनावट कागदपत्रं. अन् उद्या कोणी दबलं तर सही करणारा अन् बांधणारा, दोघंही आरोपी. 2013 ला ठाण्याजवळ मुंब्र्याची बेकायदा इमारत पडली, 74 माणसं गेली, ती तर बांधकाम चालू असतानाच कोसळली.

वाट आहे. त्याच कलम 53 मध्ये मजला कायम ठेवण्यासाठी कलम 44 खाली परवानगी मागायची सोय आहे, एफएसआय अन् बाजूची जागा बसत असेल तरच. मालकाकडून तो अर्ज करवून घे. तोवर वर भाडेकरू नको, पोती नको, पाण्याची हजार लिटरची टाकी रिकामी ठेवा, तिचाच एक टन होतो. पेरणीआधी दोन कॉलमजवळ फुटिंग दिसेपर्यंत खड्डे घे, मी येऊन माप घेतो, काँक्रीटचा कोअर काढून तपासायला नागपूरच्या लॅबला पाठवू. आकडे जुळले नाहीत तर फुटिंग वाढवणं अन् कॉलमला जॅकेटिंग करून तो जाड करणं, किंवा वरच्या विटांच्या भिंती काढून हलके ब्लॉक, नाहीतर मजला उतरवणं. तेव्हा जे निघेल तेच रिपोर्टमध्ये लिहीन, मालकांना हे आधीच सांगून ठेव.

काका