रविवारचा आढावा तीन तास का चालतो?

"रविवारी मी आठवड्याचा आढावा घ्यायला बसते. मेल साफ करायचे, याद्या नीट करायच्या आणि पुढच्या आठवड्याची तीन महत्त्वाची कामं ठरवायची, एवढाच बेत असतो. पण तीन तास जातात, इनबॉक्स भरलेलाच राहतो आणि ठरवलेली कामं सोमवारी दुपारीच मागे पडतात. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मी बसायचंच टाळते. माझ्यात शिस्तच नाही का?"

शिस्तीचा प्रश्न असता तर तुम्ही तीन तास बसला नसता. माझ्याकडे ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण कष्टाळूच असतात. त्यांचा गोंधळ वेगळ्याच जागी असतो, आणि तो एका प्रसंगातून चांगला दिसेल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब सांभाळणारे एक गृहस्थ माझ्याकडे येत होते. वय चाळिशीच्या आसपास, झोप कमी झालेली, घरी चिडचिड. तेही रविवारी रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून बसायचे. मी त्यांना म्हटलं, "इथे माझ्यासमोर दहा मिनिटं करून दाखवा." पहिलाच मेल एका गिऱ्हाइकाचा होता, खातेउतारा मागणारा. त्यांनी लगेच खातं उघडलं, आकडे जुळवायला घेतले, एक नोंद सापडेना म्हणून जुनं बिल शोधू लागले. दहा मिनिटं संपली तेव्हा पहिलाच मेल चालू होता.

ते आढावा घेत नव्हते, काम करत होते. आढाव्यात प्रत्येक गोष्टीचं फक्त एक ठरवायचं असतं: यावर मला काही करायचं आहे का, आणि असेल तर त्यातली पहिली कृती कोणती? उत्तर यादीत लिहायचं, मेल इनबॉक्समधून हलवायचा आणि पुढे जायचं. दोन मिनिटांत होणारं काम तिथल्या तिथे उरकावं, असा एक सल्ला सगळीकडे ऐकू येतो. रोजच्या दिवशी तो चांगला आहे, रविवारी मी तो पाळू देत नाही. चाळीस मेल उरकायला प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी ऐंशी मिनिटं होतात. नुसतं ठरवायला प्रत्येकी अर्धं मिनिट लागलं तर वीस. शिवाय रविवारी पाठवलेल्या उत्तराला रविवारीच उलट उत्तर येतं.

साचलेल्या जुन्या मेलांचं काम एकदाच करावं लागलं. त्यांच्या इनबॉक्समध्ये हजारावर मेल होते. जीमेलच्या शोधपट्टीत हे लिहून महिन्यापूर्वीचे सगळे निवडले आणि अर्काइव्ह केले:

```
in:inbox older_than:30d
```

अर्काइव्ह केलेले मेल पुसले जात नाहीत, शोधले की सापडतात. तरी त्यांचा हात बटणावर थांबला होता. "काहीतरी राहून जाईल," म्हणाले. म्हणून अर्काइव्ह करण्याआधी त्यांना माहीत असलेली थकलेली कामं आठवून कागदावर लिहून काढली. ती सात निघाली. हजार मेलांचं ओझं प्रत्यक्षात सात कामांचं होतं.

मग याद्या. त्यांच्या यादीत 'जीएसटी', 'ऑडिट', 'वसुली' असे शब्द होते. अशा शब्दाकडे पाहून हात हलत नाही, कारण सुरुवात कुठून करायची ते त्यात नसतं. 'जीएसटी'खाली नेमकं काय अडलंय असं विचारल्यावर कळलं, की पॅकिंगचा माल देणाऱ्याने आपली बिलं पोर्टलवर चढवलेली नाहीत. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याने मागच्या महिन्याची विक्री जीएसटीआर-1 मध्ये 11 तारखेपर्यंत दाखवायची असते. 14 तारखेला खरेदीदाराचा 2बी तक्ता, म्हणजे त्याच्या खरेदीवरच्या कराची पोर्टलवरची यादी, तयार होतो आणि राहिलेलं बिल त्यात येत नाही, म्हणजे त्या कराची त्या महिन्याची वजावट अडकते. हे त्यांना पाठ होतं. पण आठवण यायची 15 तारखेला, तक्ता जुळेना म्हणून.

त्यावर दोन गोष्टी केल्या. आढाव्यात कॅलेंडर पुढचे दोन आठवडे पाहायचं, म्हणजे 11 तारीख महिन्याच्या पहिल्याच रविवारी समोर येते. आणि 'वाट पाहतोय' अशी वेगळी यादी, ज्यात कोणाकडून, काय आणि केव्हा मागितलं हे तीनही लिहायचं. तारीख नसेल तर पुन्हा केव्हा विचारायचं हे कळत नाही आणि ती नोंद नुसती डोक्यात टोचत राहते.

तीन कामं निवडताना मी आधी मोकळे तास मोजायला लावते. सकाळी सौदे आणि फोन, त्यामुळे त्यांना निवांत वेळ मिळायचा तो दुपारी चारनंतर, तोही आठवड्यातले तीनच दिवस. त्या वेळात बसतील अशी तीन कामं त्यांनी लिहिली: 2बी आणि खरेदीची नोंदवही जुळवणं, मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्याची कागदपत्रं सेतूत देणं, एका जुन्या थकबाकीसाठी फोन करणं. प्रत्येकापुढे वार आणि वेळ. रविवारची बैठकही रात्रीऐवजी सकाळी चहानंतर, तासाभराची, गजर लावून. गजर झाला की जिथे असतील तिथे थांबायचं. फक्त तीन कामं निवडणं मात्र पहिल्या अर्ध्या तासातच उरकायचं. इनबॉक्स अर्धा राहिला तरी चालतो, निवड राहिली तर बसणं वाया जातं.

पहिली दोन कामं झाली. थकबाकीचा फोन पुढच्या रविवारी पुन्हा यादीत आला, त्याच्या पुढच्या रविवारीही. एखादं काम सलग तीन आठवडे निवडलं जातं आणि होत नाही, तेव्हा ते चौथ्यांदा लिहू नये; त्याच्यापाशी थांबून विचारावं. बहुतेक वेळा ते फार मोठं असतं, किंवा दुसऱ्या कोणावर अडलेलं असतं, किंवा ते करायला मन धजत नसतं.

मी विचारलं, "थकबाकी कोणाकडे आहे?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, मालकांच्या व्याह्यांकडे."

आता कळलं झोप कशाने उडते ते. पगारदार माणसाने मालकाच्या व्याह्यांकडे पैसे कसे मागायचे? न मागावेत तर ताळेबंदात रक्कम तशीच, आणि जबाबदारी यांची. हा संकोच खरा होता, त्याला आळस म्हणणं अन्याय ठरला असता. पण त्यांनी लिहिलेली कृतीच चुकीची होती. पहिली कृती व्याह्यांना फोन करणं नव्हती, मालकांना विचारणं होती. आम्ही वाक्य तिथेच लिहून घेतलं: "भाऊ, त्या खात्यावर एवढी रक्कम दिसते. मी फोन करू, की तुम्ही बोलता?"

तुमची तीन कामं सोमवारीच मागे पडत असतील तर दोन गोष्टी तपासा. एक, त्यांना वार आणि वेळ दिली होती का. दोन, तुमचा सोमवार तुमच्या हातात आहे का. वरिष्ठ रोज सकाळी नवीन काम पुढे टाकत असतील तर कितीही नेटका आढावा पुरणार नाही. ती तीन कामं सोमवारी सकाळी त्यांना दाखवा आणि नवीन काम आलं की यातलं कोणतं मागे ठेवू, हे त्यांनाच विचारा.

त्या गृहस्थांनी मंगळवारी मालकांना विचारलं. मालक म्हणाले, "राहू दे, मी बघतो." पुढच्या रविवारी ती नोंद 'वाट पाहतोय'च्या यादीत गेली, मालकांचं नाव आणि तारीख घालून.