रात्रीच ऑफलाइन जाणारा दारावरचा कॅमेरा

प्रश्न: मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहतो. दाराबाहेरचा वाय-फाय कॅमेरा दिवसभर ठीक चालतो, पण रात्री साडेअकराच्या सुमारास ऑफलाइन जातो आणि सकाळी आपोआप परत येतो. राउटर हॉलच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्यावर घरातली वीसेक उपकरणं आहेत. केबलवाला म्हणतो राउटर बदला, कॅमेऱ्यावाला म्हणतो सिग्नल कमी पडतोय. नक्की काय बदलू?

उत्तर:

तूर्तास काहीच बदलू नका. आधी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड बघा.

कॅमेरा बंद पडला असेल तरी ॲप ‘ऑफलाइन’ म्हणतं आणि कॅमेरा नीट चालू असून फक्त वाय-फाय तुटलं असेल तरी ‘ऑफलाइन’च म्हणतं. हा फरक कार्डावर सापडतो. रेकॉर्डिंग ‘हालचाल झाली तरच’ असं असेल तर आज रात्रीपुरतं ते सलग करून ठेवा, नाहीतर खाडे दिसणारच. उद्या सकाळी प्लेबॅक उघडा. साडेअकरा ते सकाळ रेकॉर्डिंग सलग असेल तर कॅमेरा रात्रभर जागा होता, म्हणजे भांडण वाय-फायशी आहे. तुकडे तुकडे असतील किंवा काहीच नसेल तर त्याला वीज पुरत नाहीये आणि नवा राउटर आणून उपयोग नाही. एक लक्षात ठेवा, बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांना स्वतःचं घड्याळ नसतं, ते वेळ इंटरनेटवरून घेतात. मध्येच बंद होऊन नेटशिवाय चालू झालेला कॅमेरा रेकॉर्डिंग भलत्याच तारखेखाली टाकतो. १९७० सालचे तुकडे सापडले तर दचकू नका, तोही बंद पडल्याचाच पुरावा आहे.

मी दादर-परळ भागात कॅमेरे बसवतो. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय अडॅप्टर आणि वायरीवर आहे, आणि त्याचं कारण तुम्ही दिलेली वेळ. तुमच्या सोसायटीत पॅसेजचे दिवे वॉचमन किती वाजता बंद करतो? साडेअकरालाच करत असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

होतं असं की उजेड असेपर्यंत कॅमेऱ्याला फार वीज लागत नाही. अंधार पडला की आत टिक् असा आवाज होतो, लेन्समागची काच सरकते, चित्र काळं-पांढरं होतं आणि लेन्सभोवतीचे इन्फ्रारेड दिवे पेटतात. हे दिवे पेटले की कॅमेऱ्याची भूक जवळपास दुप्पट होते. अडॅप्टर थकलेला असेल तर त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. चालू व्हायला मिनिटभर घेतो, वाय-फाय पकडायला लागतो, अंधार दिसतो, पुन्हा दिवे पेटतात, पुन्हा आडवा. हे रात्रभर चालतं. उजाडलं की दिव्यांची गरज संपते आणि कॅमेरा ‘आपोआप’ बरा होतो. पॅसेजमध्ये रात्रभर दिवा असलेल्या मजल्यावर हाच कॅमेरा आणि हाच अडॅप्टर वर्षभर कुरकुर करणार नाही.

परळच्या एका घरातलं उदाहरण आकड्यांसकट सांगतो. कॅमेरा ५ व्होल्टचा, अडॅप्टर हॉलमधल्या प्लगात, तिथून दाराच्या चौकटीवरून बाहेर नेलेली ३ मीटरची बारीक यूएसबी वायर. यूएसबीचा छोटा मीटर मिळतो, तो मी कॅमेऱ्याच्या टोकाला लावला. दिवसा ०.३ अँपिअर, ४.६ व्होल्ट. इन्फ्रारेड पेटल्यावर करंट ०.७ कडे गेला आणि व्होल्टेज ४ च्याही खाली. त्यांनी अडॅप्टरवर संशय घेऊन मोबाइलचा नवा कोरा चार्जर लावून बघितला होता, तरी कॅमेरा पडतच होता. कारण निम्म्याहून जास्त दोष वायरीचा होता. तिच्यावर जाडीचा आकडा २८ एडब्ल्यूजी छापलेला होता. अशा तांब्याचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. करंट जाऊन परत यायचा म्हणजे ६ मीटर, रोध झाला सुमारे १.३ ओहम. ०.७ अँपिअरला ०.९ व्होल्ट वायरीतच गडप. नव्या चार्जरने ५.१ दिले तरी कॅमेऱ्याच्या तोंडाशी ४.२ च पोचतात. ५ व्होल्टचा कॅमेरा साडेचारच्या खाली गेला की भरवशाचा राहत नाही. तिथे २४ एडब्ल्यूजीची वायर टाकली (हा आकडा जितका लहान तितकी वायर जाड), तेव्हा वायरीतली गळती ०.३५ व्होल्टवर आली आणि नव्या चार्जरवर कॅमेऱ्याला पावणेपाच मिळायला लागले. त्यानंतर तक्रार नाही.

अडॅप्टर तपासताना एक गफलत सर्रास होते. इलेक्ट्रिशियन येतो, नुसत्या अडॅप्टरच्या पिनेला मल्टिमीटर लावतो, ५.१ व्होल्ट दिसतात आणि तो ‘अडॅप्टर ओके’ म्हणून निघून जातो. रिकाम्या अडॅप्टरवर व्होल्टेज बरोबर दिसणारच. त्यातले कपॅसिटर उष्णतेने सुकलेले असतात, ते लोड आल्यावरच उघडे पडतात. चपलांच्या कपाटात, बंद खोक्यात, एक्स्टेंशन बोर्डाला चिकटून वर्षानुवर्षं गरम होत बसलेला अडॅप्टर दोन-तीन वर्षांत असाच होतो. हाताला चटका बसण्याइतका तापत असेल किंवा कानाशी धरल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल तर बदलून टाका. पावसाळ्यानंतर यूएसबीची पिनही काढून बघा. आपल्या हवेत तिच्यावर हिरवट थर चढतो आणि तिथेही व्होल्टेज जातं.

आता खात्री कशी करायची ते. यासाठी रात्र व्हायची वाट बघायची गरज नाही. दुपारी, घरात कोणी टीव्ही-मोबाइलवर नसताना, ॲपमध्ये नाइट व्हिजन ‘ऑटो’वरून ‘कायम चालू’ करा. टिक् ऐकू येईल, चित्र काळं-पांढरं होईल. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. भर दुपारी, मोकळ्या राउटरवर कॅमेरा पडला तर गुन्हेगार सापडला, वीज. याची उलटी चाचणी रात्री करा, नाइट व्हिजन बंद ठेवून झोपा. चित्र काळंकुट्ट येईल, पण कॅमेरा रात्रभर ऑनलाइन राहिला तर निष्कर्ष तोच. या दोन चाचण्यांना एक पैसाही लागत नाही.

वीजच असेल तर कॅमेऱ्यावर लिहिलेल्या व्होल्टचाच आणि जास्त अँपिअरचा अडॅप्टर घ्या. १ अँपिअर लिहिलं असेल तर २ चा घ्या. कॅमेरा लागेल तेवढाच करंट ओढतो, जास्त अँपिअरने जळत नाही. जास्त व्होल्टने मात्र नक्की जळतो, आणि गोल पिनेचे अडॅप्टर एकमेकांत बसतात म्हणून राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर ९ किंवा ५ च्या कॅमेऱ्याला लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. ५ व्होल्टची वायर लांबवण्यापेक्षा शक्य असेल तर प्लग पॉइंटच दाराजवळ घ्या, इलेक्ट्रिशियनकडून, नीट पट्टीतून. आणि नव्या अडॅप्टरवरही, थेट छोट्या जाड वायरीने जोडूनही, इन्फ्रारेड पेटताच कॅमेरा पडत असेल तर दोष कॅमेऱ्याच्या आत आहे. वॉरंटी बघा, दुरुस्तीवर खर्च करू नका.

कार्डावर रेकॉर्डिंग सलग निघालं तर मात्र कॅमेऱ्यावाल्याचं म्हणणं ऐकावं लागेल. ॲपमध्ये डिव्हाइसच्या माहितीत सिग्नलचा आकडा असतो, उणे डीबीएममध्ये. उणे ६५ च्या आसपास असेल तर छान, उणे ७५ च्या पलीकडे गेला की रडारड सुरू. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा बघा. दिवसा आपल्याकडे लाकडी दार उघडं आणि फक्त जाळीचं सेफ्टी डोअर लावलेलं असतं. रात्री दोन्ही बंद. दाराला आतून लोखंडी पत्रा असेल तर सिग्नल झटक्यात खाली येतो. वर आरसीसीची भिंत, मध्ये फ्रिज किंवा गोदरेजचं कपाट असेल तर विचारूच नका. सकाळी दार उघडल्याबरोबर कॅमेरा येत असेल तर हेच कारण समजा. अशा वेळी राउटर हॉलच्या मधोमध, टीव्हीच्या मागून काढून उंचावर ठेवा. ते जमत नसेल तर दाराच्या आतल्या बाजूला नव्हे, राउटर आणि दार यांच्या मध्यावर एक एक्स्टेंडर लावा. दाराशी लावलेल्या एक्स्टेंडरला स्वतःलाच मरतुकडा सिग्नल मिळतो आणि तो तोच पुढे वाटतो.

वीस उपकरणांचं म्हणाल तर आकडा घाबरण्यासारखा नाही. बहुतेक राउटर तेवढी सहज झेलतात. त्रास त्यांच्या गर्दीच्या वेळेचा असतो, म्हणजे रात्री नऊ ते बारा. त्या वेळी तुमच्याच नाही, वरच्या-खालच्या-शेजारच्या घरांतलेही राउटर त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कलकलाट करत असतात, आणि तुमच्या कॅमेऱ्याला बहुधा तेवढाच पट्टा कळतो. पण गर्दीचा त्रास असता तर मंडळी झोपल्यावर, एक-दीडला, कॅमेरा परत यायला हवा होता. तुमचा येत नाही, म्हणून हे कारण मी शेवटी ठेवलं.

तरीही राउटरमध्ये शिरून थोडं आवरून ठेवा. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा राउटरच्या मागे लिहिलेला पत्ता टाका. टीव्ही, लॅपटॉप आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या नावावर हलवा. २.४ चा चॅनेल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल त्यावर कायम करा, कारण ‘ऑटो’मध्ये राउटर कधी १२-१३ वर गेला तर काही कॅमेऱ्यांना तो दिसतच नाही. कॅमेऱ्याला त्याच्या मॅक पत्त्यावरून ठरावीक आयपी बांधून द्या. केबलवाल्याने दिलेल्या काही राउटरमध्ये एका वाय-फाय नावावर किती जण बसू शकतात याची मर्यादा घातलेली असते. ती १६ असेल तर तुमच्या वीसांतलं कोणीतरी बाहेर राहणारच, आणि जो तुटून पुन्हा जोडायला येतो त्याचीच जागा जाते. हा आकडा वायरलेसच्या पानावर दिसतो, वाढवता येत असेल तर वाढवा.

आधी कार्ड आणि दुपारची चाचणी करा. निकाल, अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट-अँपिअर आणि वायरीची लांबी इथे कॉमेंटमध्ये टाकलीत तर कुठली वायर घ्यायची ते सांगतो.