कॉइलचा सिरीज रेझिस्टन्स समांतर करताना

प्रश्न: माझ्याकडे १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आहे, मल्टिमीटरवर २ ओहम दाखवते. ५०० किलोहर्ट्झच्या टँक सर्किटसाठी तिचा समांतर Rp आणि Lp कसा काढायचा? माझा Rp ४९ किलोओहम येतो, पण प्रत्यक्षात बँडविड्थ खूप जास्त मिळते. चूक कुठे होते?

सूत्रात तुमची चूक नाही, त्यात घातलेल्या २ ओहममध्ये आहे. मल्टिमीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो. ५०० किलोहर्ट्झला करंट तारेच्या पृष्ठभागालगत सरकतो, शेजारच्या वेढ्यांचं चुंबकीय क्षेत्र त्याला आणखी एका बाजूला ढकलतं, आणि तीच तार जास्त रेझिस्टन्स दाखवते. कॉइलला फेराइटचा कोअर असेल तर त्याचा लॉसही त्यात मिसळतो. म्हणून Rs त्याच फ्रीक्वेन्सीला मोजावा लागतो.

सूत्रं अशी:

```
Q  = 2*pi*f*Ls / Rs
Rp = Rs * (1 + Q^2)
Lp = Ls * (1 + 1/Q^2)
```

ती पाठ करायची गरज नाही. 1/(Rs + jX) चे वास्तव आणि काल्पनिक भाग वेगळे केले की दोन्ही आपोआप बाहेर पडतात.

तुमच्या कॉइलचा X ५०० किलोहर्ट्झला ३१४ ओहम आहे. Rs २ ओहम धरला तर Q १५७ येतो आणि Rp ४९ किलोओहम, म्हणजे तुमचंच उत्तर. यावरून बँडविड्थ ३.२ किलोहर्ट्झ निघायला हवी.

आता Q मोजून घ्या. कॉइलला समांतर सुमारे १०१३ पिकोफॅरडचा कमी लॉसचा कपॅसिटर लावा. सिग्नल जनरेटर थेट जोडू नका, त्याचे ५० ओहम टँकला पार झोपवतील. मध्ये १ मेगओहम घाला आणि टँकवरचा व्होल्टेज १०:१ प्रोबने बघा. प्रोबच्या काही पिकोफॅरडमुळे रेझोनन्स जरा खाली सरकेल, तेवढं चालतं. शिखराच्या ०.७०७ पट व्होल्टेज कुठे कुठे मिळतो ते दोन्ही बाजूंना नोंदवा. समजा या दोन बिंदूंमध्ये ८.३ किलोहर्ट्झचं अंतर निघालं, तर Q साधारण ६०. मग Rs ५.२४ ओहम आणि Rp १८.८५ किलोओहम. Lp मूळ १०० मायक्रोहेन्रीपेक्षा ०.०३ टक्क्यांनी जास्त, म्हणजे बदल नाहीच म्हणा.

५ ओहमचे १८ हजार कसे झाले, हे खटकत असेल तर पॉवर काढून बघा. कॉइलवर १० व्होल्ट (आरएमएस) असताना सिरीज जोडीतून ३१.८ मिलिअँपिअर वाहतो आणि ५.२४ ओहममध्ये ५.३ मिलिवॉट जळतात. समांतर जोडीत तेच १० व्होल्ट थेट Rp वर येतात. १०० भागिले १८,८५० केलं तरी ५.३ मिलिवॉटच. कॉइल जितकी चांगली तितका Rs लहान आणि Rp मोठा.

हा खटाटोप करायचा कारण बाहेरचा लोड बहुधा टँकला समांतरच असतो. पुढच्या स्टेजचा इनपुट २० किलोओहम असेल तर १८.८५ शी समांतर धरून ९.७ किलोओहम उरतात, Q ३१ वर येतो आणि बँडविड्थ १६ किलोहर्ट्झ होते. सिरीज रूपात हेच गणित नको इतकं किचकट होतं.

मात्र ही जोडी त्या एकाच फ्रीक्वेन्सीची आहे. तीच कॉइल १ किलोहर्ट्झला बघा: X फक्त ०.६३ ओहम, Rs २ ओहम (इथे डीसीचा आकडा चालतो), Q ०.३१. मग Rp २.२ ओहम आणि Lp चक्क १११३ मायक्रोहेन्री! एलसीआर मीटर १ किलोहर्ट्झवर ठेवून Lp मोड निवडला तर हाच आकडा दिसतो आणि कॉइल बिघडली असं वाटतं. Ls मोडला १०० च दिसेल. Q १० च्या वर असला की दोन्ही मोडमधला फरक एका टक्क्याच्या आत येतो.

सिम्युलेटरमध्येही हेच सांभाळा. ५०० किलोहर्ट्झसाठी काढलेली समांतर जोडी डीसीला सरळ शॉर्ट असते, त्यामुळे कॉइलमधून बायस करंट जात असेल तर २ ओहमवरचा ड्रॉप गायब होतो. बायस किंवा ट्रान्झियंट बघायचं असेल तर सिरीज रूपच ठेवा. समांतर जोडी रेझोनन्सच्या आसपासच्या पट्ट्यापुरतीच वापरा.