डिश, साग आणि मी फुकट तोडलेली आंब्याची फांदी

प्रश्न: देवरुखजवळ घर आहे, पडवीच्या स्लॅबवर फ्री डिश बसवली आहे. जुलै ते नोव्हेंबर सारखा सिग्नल जातो, फेब्रुवारीपासून आपोआप नीट चालते. टेक्निशियन दर वेळी पावसाला दोष देतो. समोर साग आणि आंबा आहे. झाड छाटावं की डिश हलवावी?

तुमची पोस्ट वाचून हसूच आलं, राग मानू नका. आमचं घर गुहागर तालुक्यात. तीच फ्री डिश, तोच साग, तोच आंबा आणि "पावसामुळे होतं साहेब" हेही तेच. पाच वर्षं मी यात घालवली. डिशसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा एल.एन.बी. दोनदा बदलला, एकदा बॉक्स बदलला, आणि आईच्या आवडत्या कलमाची फांदी तोडली ती वेगळीच.

पाऊस की झाड हे आधी ओळखा. पावसाने गेलेला सिग्नल जोराची सर असेपर्यंत जातो आणि सर ओसरली की पाच-दहा मिनिटांत परत येतो. झाडाचं तसं नसतं. पाऊस थांबलाय, ऊन पडलंय, जरा वारा सुटला की चित्राचे चौकोन होतात आणि वारा पडला की ठीक. बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात. त्यातली क्वालिटीची पट्टी वाऱ्याबरोबर वरखाली नाचत असेल तर मधे पानं आहेत. ओली पानं तर हा सिग्नल जवळजवळ पिऊनच टाकतात. आणि तुमचे महिने बघा. साग उन्हाळ्यात उघडा असतो, पावसात सुपाएवढी पानं काढतो. आमच्याकडे डिश बसवली फेब्रुवारीत. बसवणाऱ्याला वर नुसत्या काटक्या दिसल्या, मीटर छान दाखवत होता, तो पैसे घेऊन गेला.

आता माझी घोडचूक. सगळ्यात जास्त नुकसान हिच्यामुळे झालं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी डिशच्या मागे उभा राहिलो, तिचं तोंड कुठे आहे ते पाहिलं आणि त्या रेषेत बोट धरलं. बोट गेलं सरळ आंब्याच्या एका भरगच्च फांदीवर. सागाचा सोट मधेच होता, पण तो सडपातळ आणि जरा बाजूला, पानं सगळी वर. म्हणजे दोषी आंबाच. मे महिन्यात आंबे उतरल्यावर गडी बोलावला, बाराशे रुपये दिले आणि फांदी उतरवली. त्या फांदीवर वर्षाआड का होईना, दोन पेट्या हापूस निघायचा. आई आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. जुलै उजाडला आणि सिग्नल पुन्हा गेला, तसाच.

झालं असं की आपल्या घरांवरची ही छोटी डिश तोंडासमोर बघतच नाही. तिचा एल.एन.बी. खालच्या बाजूने पुढे आलेला असतो, मधोमध नसतो. त्यामुळे डिशचं तोंड जिथे दिसतं त्याच्या वीस-पंचवीस अंश वरून सिग्नल येतो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्वेला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातून तो आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण 130 अंशांवर आणि क्षितिजापासून 59 अंश वर येतो. 59 म्हणजे मान चांगलीच मागे टाकावी लागते. आणि डिशचं तोंड मात्र 35 अंशांकडे वळलेलं दिसतं. मी 35 अंशांवरची फांदी तोडली. 59 अंशांवर सागाचा शेंडा होता, तो मी मान वर करून पाहिलाच नाही.

हे कळलंही योगायोगाने. सप्टेंबर संपता संपता एका सकाळी पडवीवर चढलो होतो, अकराला पाच-दहा मिनिटं कमी असतील. एल.एन.बी.चं टोपण एकदम लख्ख उजळलेलं दिसलं आणि डिशवर सागाच्या पानांच्या सावल्या हलत होत्या. वर्षातून दोनदा, थोडे दिवस, सूर्य आकाशात बरोबर उपग्रहाच्या पाठीमागून जातो. आपल्याकडे ते सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला पावणेअकरा ते अकराच्या दरम्यान आणि मार्चच्या मध्याला सव्वाअकराच्या सुमाराला. त्या वेळी डिशवर ज्या पानाची सावली पडते तेच पान सिग्नल अडवतं. यात अंदाज काहीच नाही. मार्चमध्ये साग उघडा असतो म्हणून सप्टेंबरअखेरचीच तारीख कामाची. (त्या दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं चित्र गेलं तर घाबरू नका, ते सूर्यामुळेच जातं, सगळ्यांचंच.)

तोवर थांबायचं नसेल तर मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली नट लटकवा आणि सरळ कडेवरून, डिशच्याच उंचीवरून नजर लावा. दोरा 90 च्या खुणेपासून 59 अंश सरकला की कडा 59 अंश वर आहे. दिशा मोबाईलच्या होकायंत्रावर बघा, पण पत्रा आणि लोखंडी ग्रीलपासून चार पावलं लांब उभं राहून, नाहीतर सुई कुठेही जाते. त्या रेषेत जे दिसेल तेच तुमचं झाड. आमच्याकडे आंबा त्या रेषेच्या खूप खाली होता.

मग छाटणी की हलवणं? माझं मत सरळ आहे: साग असेल तर हलवा. सागाचा शेंडा मारला की तो दुप्पट जोराने फुटतो आणि कोवळ्या फुटव्यांची पानं जुन्यापेक्षा मोठी येतात. शिवाय साग तोडायला स्वतःच्या जागेतही परवानगी लागते. मी आधी परवानगीच्या मागे लागलो. ऑफिसचं नाव घेत नाही. पहिल्या खेपेला सातबारा हवा, दुसऱ्या खेपेला जागेचा नकाशा, तिसऱ्या खेपेला साहेब फिरतीवर. चौथ्यांदा गेलो तेव्हा विचारलं, "डिशसाठी झाड तोडायचंय? मग डिश हलवा की!" चार महिने त्यात गेले, पण खरं सांगायचं तर एवढं एकच वाक्य त्या ऑफिसातून मला उपयोगी मिळालं.

हलवण्याचं गणित सोपं आहे. 59 अंशांची रेषा एक फूट पुढे गेली की 1.7 फूट वर चढते. आमची डिश जमिनीपासून 12 फुटांवर होती, साग त्या दिशेला 14 फुटांवर, शेंडा अंदाजे 40 फुटांवर. सागापाशी पोचेपर्यंत रेषा 14 गुणिले 1.7 म्हणजे 24 फूट चढते, त्यात डिशचे 12 मिळवा, झाले 36. शेंडा 40, म्हणजे चार फूट पानं आडवी.

टेक्निशियन म्हणाला, पाइप लावून पाच फूट वर घेऊ. बघा बरं, वर घेतली की फक्त पाचच फूट मिळतात, आणि लांब पाइप वाऱ्यात डुलतो तो वेगळाच. मी डिश झाडापासून 12 फूट मागे, परसाकडच्या स्लॅबवर नेली, उंची तीच. आता साग 26 फुटांवर, रेषा 44 फूट चढते आणि 12 मिळवले की 56. शेंड्यावर 16 फूट मोकळे. चार-पाच फूट तरी मोकळे ठेवाच, कारण झाड वाढतं आणि सिग्नलची वाट दोरीएवढी बारीक नसते, डिशएवढी रुंद असते.

एक गोष्ट लोकांना पटत नाही: डिश उंचावर हवीच असं नाही. रेषा इतकी उभी असते की परसात जमिनीवर, घराच्या भिंतीपासून 15 फूट मागे ठेवली तरी घरापाशी ती 25 फूट वर गेलेली असते. कौलांचा कोना 18 फुटांवर असला तरी अडत नाही. मावशीकडे मी तशीच बसवलीय, तुळशीवृंदावनाच्या मागे. फक्त गुरं येतात का बघा. आणि वानरं! ती पडवीवरच्या डिशवर जास्त बसतात, जमिनीवरच्यावर कमी, असा माझा तरी अनुभव.

हलवताना दोन गोष्टी पाळा. नवा पाइप ओळंब्याने अगदी उभा करा आणि डिशच्या पाठीमागचा वर-खाली करण्याचा बोल्ट अजिबात सैल करू नका. एकाच अंगणात दहा-वीस फुटांनी उपग्रहाचा कोन बदलत नाही, तेव्हा एल.एन.बी.चा पीळही तसाच राहू द्या. राहतं फक्त डावी-उजवीकडे फिरवणं. नखभर फिरवायचं, पट्टी स्थिर व्हायला पाच सेकंद थांबायचं, पुन्हा नखभर. आमच्या टेक्निशियनने पहिल्या झटक्यात सगळे बोल्ट सोडले आणि दुपार गेली. केबल जोडून वाढवू नका, एकसंध नवी टाका. जोड द्यावाच लागला तर तो पावसात येऊ देऊ नका, नाहीतर पुढच्या जुलैला पुन्हा झाडालाच शिव्या घालाल.

छाटणी योग्य असते, पण तुमच्या केसमध्ये नाही असं वाटतं (फोटो नाही, म्हणून "वाटतं"). रेषेत आंब्याच्या बाजूच्या चार डहाळ्या येत असतील, तर आंबे उतरल्यावर लगेच छाटा. ऑक्टोबरनंतर छाटलंत तर मोहोराला मुकाल. शेजाऱ्याचं झाड असेल तर आधी त्याच्याशी बोला. विजेची तार जवळून जात असेल तर गडी चढवू नका, वीज कंपनीचे लोक बोलवा. पावसात तर मुळीच नको. मी इलेक्ट्रिशियनही नाही आणि वनखात्यातलाही नाही, तेव्हा परवानगीचं तुमच्या तालुक्यात विचारून घ्या.

आणि हो, कोनमापक लावण्याआधी कोयता हातात घेऊ नका. सागाचं डिशपासूनचं अंतर आणि दोघांची उंची इथे टाका, किती मागे न्यायची ते मोजून सांगतो. तुमचा उपग्रह दुसरा असेल तर 59 आणि 130 हे आकडे चालणार नाहीत, म्हणून तेही लिहा.