तीनशेचा प्लॅन नको, आधी राउटर उघडा

*रावेरमध्ये राहतो, केळीच्या गाड्यांचा हिशेब घरून बघतो. १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, महिना ८२६ रुपये. वायफायवर २०-२२ च्या वर स्पीड जात नाही. केबलवाले म्हणतात ३०० चा प्लॅन वर्षाचा एकदम घ्या (महिना १,७७०), सोबत ६,५०० चा नवा राउटर आणि २,२०० चा एक्स्टेंडर. केबल जोडली तर लॅपटॉपवर ९० येतं, पण केबल घरभर कुठे फिरवणार? पोस्टातली आरडी मोडू की राउटर ईएमआयवर घेऊ? आरडीला १४ महिने झालेत.*

भाऊ, पोस्टाची आरडी तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मोडताच येत नाही. प्रश्न तिथेच संपला. ईएमआयचंही बोलू नका, कारण मुळात वस्तूच नको आहे.

तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य केबलचं आहे. केबलवर ९० येतं म्हणजे तुम्ही पैसे भरता ते नेट घरापर्यंत पुरतं पोचतंय, अडतंय ते राउटर आणि लॅपटॉपच्या मधल्या हवेत. मग दाराबाहेरचं नेट तिप्पट करून काय होणार? विहिरीवरची मोटर दणकून चालतेय आणि ठिबकचा फिल्टर चोंदलाय, तर तुम्ही मोटर बदलता का?

म्हणून मी तुम्हाला फोन करून लॅपटॉपवर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करायला लावलं:

```
netsh wlan show interfaces
```

तुम्ही फोटो पाठवलात. त्यात `Cipher` समोर `TKIP` आणि `Receive rate` समोर `54`. चोर इथेच बसलाय.

टीकेआयपी ही वायफायचा डेटा कुलूपबंद करण्याची जुनी पद्धत, २००३ च्या सुमाराची. त्याआधीचं कुलूप तुटलं होतं, आणि जुनी यंत्रं फेकावी लागू नयेत म्हणून ही तात्पुरती सोय केली. पुढे २००९ मध्ये ८०२.११एन हे वेगवान वायफाय आलं, तेव्हा नियमच ठरला की टीकेआयपी लावलं असेल तर नवे वेग मिळणार नाहीत. त्यामुळे राउटर नवा वेग पेलणारा असला तरी निमूट जुन्या ५४ वर उतरतो. त्यातलाही अर्ध्याहून जास्त हवेतल्या देवाणघेवाणीत जातो, उरतात तुमचे २०-२२. २०१२ मध्ये ही पद्धत मानकातूनही बाद ठरवली गेली. तुमच्याकडे ती राहिली, कारण फायबर जोडणाऱ्या मुलाने जुन्या राउटरचं नाव, पासवर्ड आणि सेटिंग जसंच्या तसं नव्यावर उतरवलं. सगळ्यांचे फोन पुन्हा जोडायचा त्रास नको म्हणून.

उपाय फुकट आहे. राउटरच्या तळाशी लिहिलेला पत्ता (बहुतेक `192.168.1.1`) ब्राउझरमध्ये उघडा, `Wireless Security` मध्ये `WPA2-PSK` आणि `AES` निवडा. `TKIP+AES` असा मिसळ पर्याय दिसेल, तो घेऊ नका. पासवर्ड तोच ठेवा. एखादं यंत्र जोडलं गेलं नाही तर त्यावर वायफायचं नाव विसरायला लावून पुन्हा जोडा. खूप जुना प्रिंटर हटून बसला तर त्याला यूएसबी केबल लावा. एका प्रिंटरसाठी सगळं घर ५४ वर ठेवायचं नसतं. नंतर तीच कमांड पुन्हा द्या: `CCMP` दिसलं की झालं, तेच एईएस.

लगेच शंभर दिसतील अशी आशा मात्र नको. तुमचा राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचा आहे. दोन अँटेनाच्या लॅपटॉपवर ६०-७० मिळाले तरी चांगलं, साध्या फोनवर ४०-५०. शेजाऱ्यांची वायफाय जास्त असतील तर आणखी कमी. हिशेबाच्या कामाला तेवढं भरपूर आहे.

आता पैसे. प्लॅनमधला फरक वर्षाला साधारण ११,३००, त्यात राउटर आणि एक्स्टेंडर धरून पहिल्या वर्षीच २०,०००. गंमत म्हणजे तुमच्या राउटरचे पोर्टच शंभरचे, म्हणजे नुसता ३०० चा प्लॅन घेतला असता तर केबलवरही ९५ च्या आसपासच थांबला असता! एक्स्टेंडरचा तर मला रागच येतो. तो त्याच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेतून पुन्हा बोलतो, म्हणून असलेला वेगही जवळपास अर्धा करतो. घेतला असेल तर परत करा.

आणि जे विचारलं नाहीत ते: २० एमबीपीएस वापरून तुम्ही तीन वर्षं १०० चे पैसे भरलेत. तुमच्याकडचा ४० चा प्लॅन ५९० ला आहे, म्हणजे महिना २३६ जास्त, ३६ महिन्यांचे साडेआठ हजार गेले. सेटिंग बदलून महिनाभर वापरा. घरात एकाच वेळी दोघांतिघांचे व्हिडिओ अडकत नसतील, तर पुढच्या बिलापासून ४० वर उतरा, आणि वर्षाचं आगाऊ नाही, महिन्याचंच भरा. मागच्या खोलीत खरंच अडलं तर ५ गिगाहर्ट्झवाला, गिगाबिट पोर्टचा साधा राउटर दोन-अडीच हजारांत रोखीने घ्या.