कॅम्पस ड्राईव्हचा मेल लिहायचाय? आधी शेवटच्या एसटीची वेळ बघा

प्रश्न: आमच्या कॉलेजला पहिल्यांदाच कंपनी कॅम्पससाठी येतेय, मेल मला लिहायला सांगितलाय. रूम, शॉर्टलिस्टच्या वेळा, पोरांनी कधी यायचं नि काय आणायचं, हे सगळं मेलमध्ये नीट कसं लिहू?

उत्तर:

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावच्या इंजिनीअरिंग कॉलेजात नऊ वर्षं प्लेसमेंटचं काम बघतोय. माझ्या पहिल्या ड्राईव्हच्या मेलमध्ये मी लिहिलं होतं, सकाळी दहाला रिपोर्टिंग, टेस्टनंतर शॉर्टलिस्ट लवकरच जाहीर होईल. कंपनीचे लोक नागपूरहून सकाळी गाडीने निघाले ते साडेअकराला पोचले, मग त्यांचं प्रेझेंटेशन, मग जेवण, मग टेस्ट. लिस्ट लागली पाच दहाला. त्याच्या थोडं आधी बाहेरगावची एक मुलगी ऑफिसच्या दारात उभी राहून विचारत होती, "सर, आमची शेवटची गाडी पावणेसहाची हाय, लिस्ट लागन का तोवर?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्टँड कॉलेजपासून दोन किलोमीटर, त्यामुळे ती आणि तिच्या गावच्या दोघीजणी निघून गेल्या. लिस्टमध्ये तिघींचीही नावं होती. फोन लावले तर रेंज नाही, आणि पॅनलने साडेसहाला फाईल बंद केली. ते मला आजही लागतं, म्हणून इतकं लांब लिहितोय.

तेव्हापासून मी दिवसाचं टाइमटेबल सकाळपासून नाही, संध्याकाळपासून मांडतो. शेवटची गाडी पावणेसहाची, म्हणजे बाहेरगावचं पोरगं सव्वापाचला मोकळं व्हायला पाहिजे. तिथून उलटं मोजत यायचं. त्यासाठी कंपनीच्या एचआरला फोन करून तीन गोष्टी विचारायच्या: पॅनल किती, एका मुलाला किती वेळ, आणि इंटरव्ह्यूला जास्तीत जास्त किती मुलं घेणार. समजा ते म्हणाले तीन पॅनल, वीस मिनिटं, तीस मुलं. मग एका पॅनलकडे दहा मुलं, म्हणजे २०० मिनिटं, तीन तास वीस मिनिटं. पावणेदोनला सुरू केलं तर पाच पाचला संपतं. एचआर राऊंड शेजारच्या रूममध्ये सोबतच चालू ठेवायचा, ज्याचं टेक्निकल झालं तो लगेच तिकडे. म्हणजे लिस्ट सव्वाला लागलीच पाहिजे, आणि टेस्ट बाराच्या आत संपली पाहिजे. हा हिशोब एचआरला आधीच दाखवला की ते बहुतेक ऐकतात. आणि दोनच पॅनल येतायत असं कळलं तर तीस मुलांना पाच तास लागतात, पावणेसात वाजतात, मग एक पॅनल वाढवा किंवा मुलं कमी घ्या किंवा उरलेले इंटरव्ह्यू दुसऱ्या दिवशी फोनवर घ्या, हे त्यांच्याशी मेल जायच्या आधीच बोलून घ्यायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रेझेंटेशन, ज्याला सगळे पीपीटी म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते सकाळी पहिलं ठेवतात आणि तिथेच दिवस बिघडतो, कारण पाहुणे लांबून येतात, उशीर होतोच. टेस्ट ऑनलाईन असेल, लिंक आधी आलेली असेल आणि देखरेख आपल्याच लोकांनी करायची असेल तर पाहुण्यांची वाट बघायची गरज नसते, टेस्ट आधी घ्या नि पीपीटी दुपारी. याचा अजून एक फायदा, पीपीटी चालू असताना त्यांचा एक माणूस मागे बसून टेस्टचे मार्क बघून लिस्ट काढतो, पोरं रिकामी बसत नाहीत. काही कंपन्यांना पीपीटी आधीच पाहिजे असतं, तर मग आदल्या रात्री यवतमाळला मुक्कामाला या असं सांगायचं.

रूमचं सांगतो. गेल्या वेळी आमच्याकडे पात्र मुलं १३२. लॅब दोन, रजिस्टरवर चाळीस-चाळीस मशीन, पण मी आदल्या दिवशी स्वतः प्रत्येक मशीन सुरू करून बघितली तर एकात ३७ चालू, दुसऱ्यात ३५. एकूण ७२. म्हणून ६६-६६ च्या दोन बॅच केल्या आणि सहा मशीन राखून ठेवल्या, मध्येच एखादी अडकली तर हलवायला. बॅच पाडताना ब्रँच किंवा रोल नंबर बघितला नाही. गावातली आणि हॉस्टेलची मुलं पहिल्या बॅचला, एसटीने येणारी दुसऱ्या बॅचला. आमच्याकडे तीनचार गावांची पहिली गाडीच पावणेदहाला स्टँडवर पोचते, त्या पोराला नऊचं रिपोर्टिंग दिलं तर ते आदल्या रात्रीच कुणाकडे तरी झोपायला येतं किंवा येतच नाही. इंटरव्ह्यूचा क्रमही तसाच, ज्याची गाडी लवकर त्याचा नंबर आधी. कंपनीला याने काहीच फरक पडत नाही, फक्त यादी आपण लावून द्यायची. आणि बाजाराचा दिवस शक्यतो टाळा, गाड्या भरून येतात, मधल्या स्टॉपवर थांबतच नाहीत.

आता मेल. आमच्याकडे इंग्रजीतच जातो, इथे मराठीत देतो म्हणजे काय का लिहिलं ते कळेल.

विषय: कॅम्पस ड्राईव्ह, बुधवार ११ फेब्रुवारी, तुमची बॅच आणि रिपोर्टिंगची वेळ

पात्र विद्यार्थ्यांनो, सोबतच्या यादीत तुमचं नाव आणि बॅच बघा. नाव नसेल पण तुम्ही अटीत बसत असाल (दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि डिग्री प्रत्येकी ६० टक्के, चालू बॅकलॉग नाही) तर सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत प्लेसमेंट ऑफिसला येऊन भेटा.
बॅच १: रिपोर्टिंग सकाळी ९.००, टेस्ट ९.३० ते १०.३०.
बॅच २: रिपोर्टिंग सकाळी १०.१५, टेस्ट १०.५० ते ११.५०.
रिपोर्टिंग दोन्ही बॅचचं मेन बिल्डिंग, तळमजला, रूम ४. सही झाल्यावर तिथूनच लॅबला नेलं जाईल, थेट लॅबला जाऊ नका.
पीपीटी: दुपारी १२.१५ ते १.००, सेमिनार हॉल, दोन्ही बॅचला सक्तीचं.
शॉर्टलिस्ट: दुपारी १.१५, सेमिनार हॉलमध्ये वाचून दाखवली जाईल, लगेच दाराजवळच्या बोर्डवर लागेल आणि ग्रुपवर येईल. उशीर झाला तर १.१५ लाच हॉलमध्ये नवीन वेळ सांगितली जाईल. लिस्ट वाचून होईपर्यंत कोणीही कॅम्पस सोडू नका, नाव नसलेले त्यानंतर जाऊ शकतात.
इंटरव्ह्यू: १.४५ पासून, पहिला मजला, रूम ११, १२, १३. एचआर राऊंड रूम १४. थांबायची जागा रूम १०, नंबर येईपर्यंत तिथेच बसा.
ज्यांची शेवटची गाडी संध्याकाळी ६ च्या आधी आहे त्यांनी रिपोर्टिंगच्या वेळी रजिस्टरमध्ये गाव आणि गाडीची वेळ लिहा.

यातली माझ्या मते सगळ्यात कामाची ओळ म्हणजे उशीर झाला तरी सव्वालाच नवीन वेळ सांगू. कारण लिस्ट लांबणारच कधीतरी, कटऑफला सारखे मार्क आलेले आठ-दहा जण असतात, त्यावर त्यांचं आपसात ठरत नाही. पण पोरांना अडीच म्हणून कळलं तर ते डबा खाऊन घेतात, घरी फोन करतात. काहीच कळलं नाही तर एकेक जण गेटकडे सरकायला लागतो, आणि एक निघाला की मागे चार निघतात.

रिपोर्टिंगची वेळ आणि टेस्टची वेळ वेगळी लिहायचीच. नुसतं साडेनऊ लिहिलं तर मुलं साडेनऊला गेटवर येतात, आणि ६६ जणांच्या सह्या, आयडी बघणं, मशीनवर बसवणं, लॉगिन, याला आम्हाला पंचवीस-तीस मिनिटं लागतातच, तेही दोन टेबलं लावून.

कागदपत्रांच्या सूचनेत ओरिजिनल कुठले नि झेरॉक्स कुठल्या ते एकेक नाव घेऊन लिहा. नुसतं "सर्व कागदपत्रे" लिहिलं होतं तेव्हा एक पोरगा जन्मदाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आला, आणि नेमकी सहाव्या सेमची मार्कशीट घरी. आम्ही लिहितो: कॉलेजचं आयडी आणि आधार ओरिजिनल, दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि आतापर्यंतच्या सगळ्या सेमच्या मार्कशीट, ओरिजिनल नि एक झेरॉक्स सेट, रेझ्युमेच्या तीन प्रती, दोन फोटो, निळा पेन. आधारवर आणि मार्कशीटवर नाव वेगळं असेल (वडिलांचं नाव नाही, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, हे आमच्याकडे खूप होतं) तर आदल्या दिवशीच सांगा. रजिस्टर करताना दिलेला मेल आयडी आणि त्याचा पासवर्ड पाठ पाहिजे, कारण टेस्टचा कोड त्याच आयडीवर येतो आणि लॅबमध्ये मोबाईल बाहेर ठेवावा लागतो.

कपड्यांबद्दल नुसतं "फॉर्मल" लिहू नका. फिकट शर्ट, गडद पँट, स्वच्छ बूट, मुलींना साधा पंजाबी ड्रेस चालेल, ब्लेझर आणि टायची गरज नाही, असं स्पष्ट लिहा. एका पोराच्या बापाने ब्लेझरसाठी उधारी केली होती हे मला नंतर कळलं, आणि कंपनीने तो मागितलाही नव्हता.

लाईटची ओळ आपल्याकडे लागतेच. लाईट गेली तर जागेवर बसून हात वर करा, स्वतःहून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करू नका. दोन ठिकाणी लॉगिन दिसलं की काही सिस्टीम टेस्ट लॉक करतात, मग कंपनीकडून उघडून घेण्यात अर्धा तास जातो. बंद पडल्यावर घड्याळ थांबतं की चालूच राहतं, हे कंपनीला आधी विचारून मेलमध्ये टाका. जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते आदल्या संध्याकाळी झाकण उघडून बघा, शिपायाने "आहे सर" म्हटलं तरी.

मेल बीसीसीने पाठवा, नाहीतर शंभर मुलं सगळ्यांनाच उत्तर देत बसतात. सोबतच्या यादीत फक्त नाव, ब्रँच, बॅच, गाव. मोबाईल नंबर आणि टक्के टाकू नका, मुलींचे नंबर असे फिरू द्यायचे नाहीत. मेल तीन दिवस आधी, आणि आदल्या संध्याकाळी ग्रुपवर मराठीत चार ओळी, कारण गावाकडे मेल उघडत नाही पण व्हॉट्सअ‍ॅप कसंतरी येतं. वेळ बदलली तर जुन्याच मेलखाली "वेळ बदलली आहे" असं लिहू नका, नवीन मेल, विषयात "बदल", आणि आत पूर्ण टाइमटेबल परत. नाहीतर अर्धी मुलं जुना मेल उघडून येतात.

शेवटी दोन माणसांचे मोबाईल नंबर द्या, एक ऑफिसात बसणारा आणि एक दिवसभर गेटवर उभा राहणारा. गेटवरच्याकडे यादीची प्रिंट आणि गाडीच्या वेळांचं रजिस्टर द्या. गेल्या वेळी आमचा गेटवरचा मुलगा पाचच्या सुमाराला वर धावत आला, "सर, अकरा नंबरच्या बाहेर दोघं अजून बसलेत, त्यांची पावणेसहाची आहे." त्यांना लगेच आत घेतलं आणि नंतर बाईकवर स्टँडला सोडलं.