गावाकडे ‘टेक केअर’ कोणाला म्हणायचं?

प्रश्न: इंग्रजीत मित्राला ‘टेक केअर’, ‘सी यू लेटर’ म्हणतात, तसं मराठीत आणि हिंदीत काय म्हणायचं? जवळचा मित्र आणि नुसती ओळख, यांत फरक करतात का?

फरक करतात, आणि चांगलाच करतात. इंग्रजीत ‘टेक केअर’ दुकानदारही गिऱ्हाइकाला म्हणतो आणि जिवलग मित्रही म्हणतो, शब्द तेच राहतात. आपल्याकडे ‘काळजी घे’ असं वाटेल त्याला म्हटलं तर समोरचा विचारतो, ‘काहून, काय झालं?’ आमच्या दारव्ह्याकडच्या गावांत तरी हे शब्द आजारी माणसासाठी, बाळंतिणीसाठी, नाहीतर पहिल्यांदा पुण्याला नोकरीला निघालेल्या पोरासाठी राखलेले असतात. रोजच्या निरोपात त्यांची जागा ‘सांभायून जाजो’ घेतं.

या ‘जाजो’मध्येच जवळीक कळते. बरोबरीच्याला किंवा लहानाला ‘जाजो’, मोठ्याला ‘जाजा’. फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या एका पोराला निरोप देणारे चौघं घ्या. शाळेतले सर म्हणतील, ‘बरं, नीट जा. अभ्यास कर.’ किराणा दुकानदार नुसतं ‘निंगाले का? या मंग’ म्हणेल; ओळख आहे, पण घसट नाही, म्हणून मानाचं ‘या’. मित्र म्हणेल, ‘चाल बे, दिवाळीले येजो, नाई त पाय.’ धमकी दिली की मैत्री पक्की समजा. आणि मोठी आई? ती म्हणेल, ‘पोचला का फोन करजो, डबा उतरवाले इसरू नको, खिडकीतून हात बाहेर काढू नको.’ ‘काळजी घे’ हे शब्द तिच्या तोंडून येणारच नाहीत, आणि गाडी हलेपर्यंत तिचं सांगणं संपणारही नाही. जितकं नातं जवळचं, तितकी नेमकी कामं सांगितली जातात, असा माझा अंदाज आहे.

पोरगं मात्र चौघांनाही एकच सांगतं: ‘येतो.’ घरातून निघताना ‘जातो’ म्हटलेलं कोणाला आवडत नाही, म्हातारी माणसं तर तिथंच टोकतात. मान ठेवायचा तर पुढे हाक जोडायची: ‘येतो सर’, ‘येतो मोठी आई’. मित्राला ‘येतो बे’. अर्थात, हा ‘बे’ सरांसमोर निघाला तर काय होईल हे मी सांगायला नको.

‘येतो’ जिथं चालत नाही अशी एक जागा आहे: मयतीचं घर. भेटायला गेलात तर उठताना ‘येतो’ म्हणू नका, ‘पुन्हा या’ असंही तिथं कोणी म्हणत नाही. हात जोडायचे आणि मुकाट्यानं निघायचं.

आता ‘सी यू लेटर’. इंग्रजीत ‘लेटर’ला वेळ नसते, पुन्हा भेट होईल न होईल, तरी म्हणतात. तशी मोकळी ढील ‘भेटू मंग’मध्ये आहे, ते मित्राला आणि ओळखीच्याला दोघांनाही चालतं. पण ‘संध्याकाळी येतो’ म्हटलंत तर तो शब्द झाला. तिकडे चहाचं आधण ठेवलेलं असतं, आणि तुम्ही गेला नाहीत तर दुसऱ्या दिवशी जाब द्यावा लागतो.

हिंदीत हेच काम क्रियापद करतं. मित्राला ‘चल, मिलते हैं’ किंवा ‘ध्यान रखना’. नुसत्या ओळखीला ‘अच्छा भैया, चलता हूँ’. वडीलधाऱ्याला ‘अपना ख्याल रखिएगा’. ‘अपना ख्याल रखना’ मराठी ‘काळजी घे’पेक्षा सैल वापरतात, पण त्यातही मायेचा सूर असतोच, दोनदाच भेटलेल्या व्यापाऱ्याला ते म्हणू नका, त्याला ‘फिर मिलेंगे’ पुरतं.

आपल्या पोरांची गफलत इथं होते. ‘येतो’ची सवय असते, म्हणून नागपुरात हिंदी बोलणाऱ्या खोलीतल्या जोडीदाराला जाताना ‘आता हूँ’ म्हणतात. हिंदीत त्याचा अर्थ ‘आत्ता परत येतो’ असा होतो. तो बिचारा जेवायचा थांबतो आणि हा पठ्ठ्या दारव्ह्याच्या गाडीत बसलेला असतो. तिथं ‘चलता हूँ’ म्हणायचं; जाणं अशुभ वगैरे काही त्यात कोणी पाहत नाही.

ओळख जुजबी असो की घट्ट, कुठंही खपणारे निरोप म्हणजे ‘राम राम’ आणि ‘जय भीम’, आणि तुकडोजी महाराजांना मानणाऱ्यांत ‘जय गुरुदेव’. भेटतानाही तेच, निघतानाही तेच. समोरचा जे म्हणतो तेच परत म्हणा. फोनवर मात्र ‘येतो’ नाही, ‘ठेवतो’. हिंदीत ‘रखता हूँ’. मोठ्यांशी बोलताना ‘ठेवू का?’ असं विचारायचं आणि ‘हो, ठेव’ आल्यावरच बटण दाबायचं.